नंबर भाचीचा, सिम दाजींच्या नावावर: एका ट्रान्सफरचं पूर्ण प्रकरण

माझी भाची (मावसबहिणीची मुलगी) नोकरीला दुसऱ्या शहरात असते, लग्न होऊन तीनेक वर्षं झालीत. तिचा मोबाईल नंबर अकरावीपासूनचा आहे. तेव्हा ती अठराची नव्हती, आणि अठराच्या आतल्या मुलांच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून दाजींनी स्वतःची कागदं देऊन कनेक्शन काढलं आणि सिम तिच्या हातात दिलं, जसं बहुतेक घरांत होतं. पुढे रिचार्ज ती स्वतःच मारायला लागली, बँक खातं उघडलं तेव्हा हाच नंबर दिला, आधारला हाच, पीएफला हाच, इन्कम टॅक्सच्या पोर्टलला हाच. नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही कारण कधी अडलंच नाही.

अडलं ते फोन चोरीला गेला तेव्हा. ती डुप्लिकेट सिम काढायला स्टोअरला गेली आणि काउंटरवरच्या मुलाने सरळ सांगितलं की कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. ती म्हणाली नंबर माझाय, बारा वर्षं मीच वापरतेय, बिलं मीच भरतेय, आधारलाही हाच जोडलाय. यातलं काहीच तिथे चालत नाही. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं तसला हा प्रकार आहे, कंपनीला फक्त एक गोष्ट दिसते, कनेक्शन घेताना भरलेल्या फॉर्मवर (ज्याला सगळे कॅफ म्हणतात) कोणाचं नाव आहे. आधारला नंबर जोडलेला असणं ही पूर्ण वेगळी नोंद आहे, आधारवाले सिम कोणाच्या नावावर आहे ते बघत नाहीत आणि सिम कंपनी आधारला कोणता नंबर आहे ते बघत नाही. शेवटी दाजींनी त्यांच्या जवळच्या स्टोअरमधून सिम काढलं आणि कुणाच्या तरी हाती पाठवलं, तोपर्यंत पोरीचं बँकिंग सगळं ठप्प. त्यानंतर तिचा मला फोन आला, "मामा, हे एकदाचं माझ्या नावावर करून टाकायचंय, काय काय लागेल?"

मी बरीच वर्षं मोबाईल कंपनीच्या स्टोअरमध्ये काउंटरला बसलोय त्यामुळे हे काम आतून माहितीये, आणि तिचं प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात लग्न झालेल्या मुलीची जी अडचण येते ती आधी कोणी सांगत नाही.

सगळ्यात पहिली गोष्ट मी तिला करायला लावली ती म्हणजे नंबर खरंच दाजींच्या नावावर आहे का ते बघणं. हे ऐकून लोक हसतात, पण मी काउंटरवर अशी कितीतरी घरं बघितलीत जिथे सगळ्यांना वाटत असतं वडिलांच्या नावावर आहे आणि निघतं आईच्या, किंवा काकांच्या, आणि एखाद्या वेळी तर ज्या दुकानदाराने सिम विकलं त्याच्याच ओळखीतल्या कोणाच्या तरी. हे बघायची सोय सरकारनेच केलेली आहे. दूरसंचार विभागाचं संचार साथी पोर्टल आहे (sancharsaathi.gov.in, २०२३ मध्ये आलं), त्यात आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते बघायचा भाग आहे, TAFCOP म्हणतात त्याला. नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येतो, आणि त्या नंबरचा जो मालक आहे त्याच्या नावावरचे सगळे नंबर समोर येतात, मधले आकडे झाकलेले असतात. भाचीने स्वतःचा नंबर टाकून बघितलं तर यादीत दाजींचा शेतावरचा नंबर पण दिसला. म्हणजे दोन्ही एकाच नावावर आहेत हे पक्कं झालं. तिने घेतलेलं दुसरं सिम, जे खरंच तिच्या नावावर आहे, ते या यादीत नव्हतं, तेही बरोबरच.

इथे एक धोका आहे तो नीट वाचा. त्या यादीत प्रत्येक नंबरसमोर Not My Number, Not Required, Required असे पर्याय असतात. दाजींनी कधी स्वतः लॉगिन करून यादीत मुलीचा नंबर बघितला असता आणि "हा काय माझा नाही, पोरीचा आहे" म्हणून भाबडेपणाने Not My Number दाबून रिपोर्ट केलं असतं, तर ती तक्रार झाली असती की माझ्या नावावर कोणीतरी परस्पर सिम काढलंय, आणि कनेक्शन बंद व्हायची वेळ आली असती. मालकी बदलायचा तो रस्ता नाही. तिथे फक्त बघायचं आणि बाहेर यायचं, घरातल्या मोठ्यांनाही हे सांगून ठेवा.

दुसरा चुकीचा रस्ता तिला एका ओळखीच्या रिटेलरने सुचवलाच होता, की कशाला एवढं करताय, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, तिकडे तुमचे कागद देऊन टाका, आपोआप तुमच्या नावावर होईल. मी स्पष्ट नाही सांगितलं. पोर्टिंग हे कंपनी बदलायचं काम आहे, मालक बदलायचं नाही, ते मालकानेच करायचं असतं. अशा शॉर्टकटमध्ये वडिलांनी आपली संमती दिली हे कुठेच नोंदलं जात नाही, आणि उद्या काही वाद झाला तर दाखवायला हातात काहीच नाही. आणि दोन्ही गोष्टी एकदम पण होत नाहीत, मालकी बदलायची रिक्वेस्ट प्रोसेसमध्ये असेल तर पोर्टिंगचा कोडच तयार होत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून तर सिम बदलल्यावर सात दिवसांच्या आत पण कोड मिळत नाही. म्हणून आधी नाव, मग हवी असेल तर कंपनी.

आता कागदं. नियम असा आहे की एका माणसाचं चालू कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करायचं तर ते रक्ताच्या नात्यात किंवा कायदेशीर वारसाला होतं, देणाऱ्याची हरकत नाही असं हवं, आणि घेणाऱ्याची केवायसी अगदी नवीन कनेक्शनसारखी पूर्ण होते. हे शेवटचं लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप समजतं. नंबर जुना असला तरी कंपनीच्या दृष्टीने ती एक नवीन ग्राहक आहे, नवीन फॉर्म, नवीन फोटो, नवीन पडताळणी. म्हणून दोघांनी ओरिजिनल कागद घेऊन एकत्र स्टोअरला जाणं हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग, आणि स्टोअर म्हणजे कंपनीचं स्वतःचं, कोपऱ्यावरचं रिचार्जचं दुकान नाही. जायच्या आधी त्यांना फोन करून हे काम तिथे होतं का ते विचारायचं.

आमच्या केसमध्ये पहिल्या फेरीत काम झालं नाही, आणि ते दोन ठिकाणी अडकलं.

पहिलं दाजींच्या नावात. सिम काढताना त्यांनी मतदान कार्ड दिलं होतं आणि त्यावर नाव होतं बाळू, आधारवर बाळासाहेब. घरच्यांना हा फरक कधी जाणवलाच नाही, कारण त्यांना दोन्ही नावांनी हाक मारतात. पण काउंटरवरचा मुलगा सिस्टीममध्ये बाळू बघतोय आणि हातात बाळासाहेबांचं आधार आहे, तो पुढे जाऊच शकत नाही, कारण समोर बसलेला माणूस तोच मालक आहे हे त्याला सिद्ध करायचंय. मी फोनवर आधीच सांगितलं होतं की जुनं मतदान कार्ड सापडत असेल तर आणा, ते कपाटातून निघालं आणि तेच कामाला आलं, कार्ड नंबर रेकॉर्डमधल्या नंबरशी जुळला आणि फोटो पण त्यांचाच. ज्या कागदावर मूळ सिम काढलं तोच कागद हातात असेल तर निम्मं काम झालं समजा, म्हणून जुनी मतदान कार्डं टाकून देऊ नका.

दुसरं अडकलं ते भाचीच्या नात्यात, आणि हे लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला लागू आहे. लग्नानंतर तिने आधारवर आडनाव बदललं, पत्त्याच्या ओळीत आता नवऱ्याचं नाव आहे. त्यामुळे तिचं आधार आणि दाजींचं आधार शेजारी ठेवलं तर या दोघांचं काही नातं आहे हे कागदावरून कळतच नाही, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा, वडिलांचं नाव कुठेच नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला रक्ताचं नातं दाखवा. दाजी चिडले, "अहो माझी पोरगी आहे ती, मी स्वतः समोर बसून सांगतोय ना." मला त्यांचा राग समजतो, पण त्या मुलाचीही काही चूक नव्हती, उद्या कोणीही दोन माणसं येऊन आम्ही बापलेक आहोत म्हणतील.

यावर उपाय निघाला पॅन कार्डात. पॅनवर लग्नानंतरही बहुतेकदा वडिलांचंच नाव छापलेलं असतं, नवऱ्याचं येत नाही, आणि भाचीने पॅन बदललेलंच नव्हतं त्यामुळे त्यावर माहेरचं आडनाव होतं. मग पॅन आणि आधार ही एकाच मुलीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं होती. पॅनने बाप जोडला, प्रमाणपत्राने दोन आडनावं जोडली. ते प्रमाणपत्र मात्र सासरी होतं आणि मोबाईलमधला फोटो चालला नाही, कारण त्यांना ओरिजिनलचाच फोटो त्यांच्या ॲपमधून काढायचा असतो. म्हणून परत एक फेरी. पासपोर्ट असता तर आणखी सोपं गेलं असतं, त्यावर सहसा आईवडिलांची नावं असतात.

या दोन फेऱ्यांच्या मध्ये जो वेळ मिळाला तो मी एका वेगळ्या कामाला लावला, आणि माझ्या मते या पूर्ण प्रकरणात हेच काम सगळ्यात महत्त्वाचं होतं. मी तिला विचारलं, या नंबरवर तुझ्याशिवाय अजून कोणाचं काय काय आहे? ती म्हणाली माझंच सगळं. मग एकेक आठवायला लावलं तेव्हा निघालं की दाजींच्या आधारला हाच नंबर, पीएम किसानची केवायसी याच नंबरच्या ओटीपीवर झालेली, गॅसचं बुकिंग हाच, आणि दाजींच्या बँक खात्याला पण हाच, कारण ओटीपी वगैरे पोरगी बघते म्हणून प्रत्येक फॉर्मवर तिचाच नंबर लिहिला होता. हे बहुतेक घरांत असतं, नंबर वडिलांच्या नावावर आणि मुलीच्या हातात असल्यामुळे दोघांचीही कामं त्याच एका सिमवर चढत जातात. आधारला कोणता नंबर आहे याची शंका असेल तर आधारच्या वेबसाईटवर मोबाईल नंबर तपासायची सोय आहे, तिथे आधार नंबर आणि मोबाईल नंबर टाकला की जुळतो का नाही ते सांगतं.

नाव बदललं म्हणून दाजींचे ओटीपी बंद पडले नसते, ते भाचीच्या फोनवर येतच राहिले असते. पण आतापर्यंत बँक खातं दाजींचं आणि नंबरही कागदोपत्री दाजींचाच होता, उद्यापासून खातं त्यांचं आणि नंबर दुसऱ्याच माणसाचा असं झालं असतं. आणि पोरगी मीटिंगमध्ये असताना म्हाताऱ्या माणसाने बँकेत काउंटरसमोर ताटकळत का थांबायचं. म्हणून दाजींनी बँकेत जाऊन खात्याचा नंबर बदलून शेतावरचा दिला, आधारला पण तोच करून घेतला (आधारचा मोबाईल नंबर बदलायला ते आधार केंद्रावर गेले), गॅसचा बदल फोनवरच झाला. हे सगळं नाव बदलायच्या आधी करून घेतलेलं बरं, कारण बँकेसारख्या ठिकाणी नंबर बदलताना बऱ्याचदा जुन्या नंबरवरही ओटीपी मागतात, आणि जुना नंबर त्या दिवशी सिम बदलामुळे झोपलेला असेल तर काम लटकतं.

आणि दोन बारीक गोष्टी आधीच विचारून घेतल्या. नंबर प्रीपेड होता म्हणून चालू प्लॅनचे उरलेले दिवस पुढे मिळणार की जाणार, हे स्टोअरला विचारलं आणि प्लॅन संपायला आला असताना काम केलं. पोस्टपेड असतं तर आधी पूर्ण बिल चुकतं करायला लागलं असतं, आणि फॅमिली प्लॅनमधला जोड-नंबर असता तर आधी तो प्लॅनमधून मोकळा करायला लागला असता.

दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष काय झालं ते सांगतो. कागदी फॉर्म आता नसतो, १ जानेवारी २०२४ पासून कागदावरची केवायसी बंद झालीये, सगळं त्यांच्या ॲपवर. आधी दाजींची ओळख. त्यांना बोट ठेवायला सांगितलं, मशीनने घेतलं नाही, दुसरं बोट, तेही नाही. शेतात राबून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, हे मी हजार वेळा बघितलंय, माणूस पँटला बोट पुसतो, फुंकर मारतो, परत दाबतो आणि मग उगाच ओशाळतो. अशा वेळी दहा वेळा बोट दाबायला लावण्यात अर्थ नसतो. डिजिटल केवायसीचा दुसरा मार्ग असतो, ओरिजिनल कागदाचा फोटो आणि माणसाचा तिथेच काढलेला लाईव्ह फोटो, तोच करा म्हणून सांगायचं. तसं केलं आणि झालं.

मग त्यांच्या संमतीचा ओटीपी, आणि तो आला याच नंबरवर, म्हणजे भाचीच्या हातातल्या फोनवर. तिने फोन दाजींपुढे धरला, त्यांनी मेसेज वाचला आणि स्वतः आकडे सांगितले. मला हे आवडलं, कारण संमती त्यांची आहे. (हा ओटीपी घरबसल्या कोणा एजंटला फोनवर सांगायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर मागणारे पण असतात, त्यांनाही नाही.) त्यानंतर भाचीची केवायसी, लाईव्ह फोटो, कागदांचे फोटो, आणि तिच्या सहीच्या जागी एक ओटीपी, तो मात्र दुसऱ्या पर्यायी नंबरवर जातो. हे माहीत नसलं तर लोक तिथे अडकतात, कारण ते एकच फोन घेऊन येतात. तिने नवऱ्याचा नंबर दिला आणि तो तेव्हा फोनजवळच थांबला होता, आधी सांगून ठेवलं होतं म्हणून. फॉर्म सबमिट व्हायच्या आधी स्क्रीनवरचं नाव अक्षर न अक्षर वाचून घ्यायला मी सांगितलं होतं, तिचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसंच आलंय का, कारण वीस वर्षांनी परत बाळू-बाळासाहेब नको.

नवीन सिम हातात मिळालं, थोड्या तासांनी जुन्या सिमचं नेटवर्क गेलं आणि नवीन चालू झालं, व्हेरिफिकेशनचा कॉल पूर्ण केला. आणि मग सुरू होतो तो टप्पा ज्याला लोक "सिम खराब दिलं" समजून परत स्टोअरला भांडायला येतात. कॉल चालतात, इंटरनेट चालतं, पण एसएमएस येत पण नाही आणि जात पण नाही. सिम बदललं की २४ तास दोन्ही बाजूंचे एसएमएस बंद ठेवायचे असा नियमच आहे, आणि तो मुद्दाम केलाय, कारण ठग लोक दुसऱ्याचं डुप्लिकेट सिम काढून लगेच ओटीपीने खातं साफ करायचे. या २४ तासांत मूळ माणसाला आपला फोन मेला हे कळून तक्रार करायला वेळ मिळतो.

याचा फटका यूपीआयला बसतो, आणि का बसतो ते समजून घ्या. सिम बदललं की यूपीआय ॲप परत रजिस्टर करायला सांगतं, आणि रजिस्टर करताना ॲप तुमच्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, सिम याच फोनमध्ये आहे हे बघायला. एसएमएस जातच नसेल तर कितीही वेळा दाबा, व्हेरिफाय होणार नाही. भाचीला मी काम शनिवारी करायला लावलं, घरभाडं आणि हप्ता आदल्या दिवशी भरून टाकलेला, जवळ थोडी रोख आणि कार्ड. रविवारी दुपारनंतर एसएमएस सुरू झाले, मग एकेक यूपीआय ॲप आणि बँकेचं ॲप परत चालू करून घेतलं. व्हॉट्सॲपला काही झालं नाही, नंबर तोच आणि फोन तोच.

दाजी हिंडतेफिरते आहेत म्हणून हे दोन फेऱ्यांत झालं. तेच ते अंथरुणाला खिळलेले असते तर त्यांची ओळख आणि संमती घेणंच अवघड होऊन बसलं असतं, आणि माणूस गेल्यावर तर पूर्ण वेगळीच फाईल होते, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या भावंडांची हरकत नाही म्हणून लिहून आणा, आणि हे सगळं घरात दुःख असताना. ज्यांचे नंबर अजून आईवडिलांच्या नावावर आहेत त्यांनी हे काम ते स्वतः काउंटरवर बसू शकतायत तोपर्यंत करून घ्या.

आठवडाभराने तिने परत संचार साथीवर स्वतःचा नंबर टाकला. यादीत आता तिचेच दोन नंबर आले आणि शेतावरचा गायब. दाजींच्या नंबरने लॉगिन केलं तर तिथून तिचा नंबर गेलेला. कंपनीच्या ॲपमध्ये प्रोफाईलला पण तिचंच नाव, स्पेलिंगसकट बरोबर. आता फक्त पीएफचं राहिलंय, तिथे नंबर तोच आहे पण नाव अजून माहेरचं, आणि त्यासाठी तिला ते विवाह प्रमाणपत्र परत काढायला लागणार आहे, म्हणून या वेळी ते सासरी परत पाठवलेलं नाही.